अर्थ छापा, पण अर्थाचा धनीही छापा

लग्नाच्या पुस्तिकेचा एक कच्चा मसुदा माझ्याकडे वाचायला आला आहे. वधू पादरा गावची, मराठा घराण्यातली. गायकवाडीच्या काळात आलेले घर, चार-पाच पिढ्या इथेच. वर याच तालुक्यातला पाटीदार. पाहुण्यांत व्याह्यांची सारी गुजराती मंडळी, पुण्या-साताऱ्याकडचे नातेवाईक, वराच्या कारखान्यातले दोन-तीन मल्याळी ख्रिस्ती सहकारी आणि वधूच्या घराशेजारची मुसलमान कुटुंबे. मसुदा वधूच्या मामांनी केला आहे. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी आपले धोरणही लिहिले आहे. पाहुण्याला प्रत्येक विधीचा एकच अर्थ, एका ओळीत द्यावा. तो शक्यतो शास्त्रीय असावा, म्हणजे शिकलेल्या माणसाला पटेल. आणि ज्याने कोणी नाराज होईल असे काही लिहू नये.

मामांचा हेतू चांगला आहे आणि कष्टही खरे आहेत. पण त्यांच्या तिन्ही धोरणांशी माझे जमत नाही. या तीन चाळण्यांतून गाळून जे उरते ते त्या मांडवात घडणाऱ्या लग्नाचे वर्णनच राहत नाही.

त्याआधी दुसऱ्या टोकाच्या एका आक्षेपाला थोडक्यात उत्तर देतो. घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की हे अर्थ सांगणे म्हणजे हल्लीचे फॅड आहे. विधी करायचे असतात, त्यांचे खुलासे द्यायचे नसतात. निदान पादऱ्यात बसून तरी हे म्हणू नये. पादरा बडोदा संस्थानात होता, आणि सयाजीराव महाराजांच्या या संस्थानाने 1915 साली हिंदू पुरोहित कायदा केला होता. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा दिलेली असावी आणि यजमानाला कळेल अशा भाषेत मंत्रांचा अर्थ सांगावा, अशी त्यामागची भूमिका होती. म्हणजे अर्थ सांगण्याची अपेक्षा या भूमीत शंभर वर्षांपूर्वी थेट कायद्याने केलेली आहे. या कायद्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की अर्थ सांगण्याची जबाबदारी त्याने मंत्र म्हणणाऱ्यावर टाकली. जो म्हणतो त्यानेच सांगायचे, आणि जे म्हणतो तेच सांगायचे. मामांच्या मसुद्यात गुरुजी कुठेच नाहीत. गुरुजींना न विचारता, इकडून तिकडून आलेल्या मजकुरावरून अर्थ लिहिलेले आहेत.

आता एका ओळीतल्या एका अर्थाकडे येऊ. मसुद्यात सप्तपदीखाली सात वचने आहेत: तीर्थयात्रेला मला सोबत नेशील, माझ्या आईवडिलांचा मान राखशील, घरखर्च माझ्या विचाराने करशील, अशा धर्तीची. ही वचने उत्तर भारतातल्या लग्नांत वधू वराकडून घेते. तिकडे त्यांना जागा आहे, परंपरा आहे. पण ऋग्वेदी पद्धतीच्या पोथीवरून, म्हणजे आश्वलायन गृह्यसूत्राच्या वळणाने चालणाऱ्या मराठी लग्नात सप्तपदीला हे काहीच म्हटले जात नाही. तिथे सात अगदी लहान वाक्ये आहेत आणि ती वर वधूला उद्देशून म्हणतो. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. आणि सातव्या पावलावर तो तिला सखी हो म्हणतो. तांदळाच्या सात राशींवरून ती एकेक पाऊल टाकते, ईशान्येच्या दिशेने.

मांडवात बसलेल्या मल्याळी पाहुण्याने पुस्तिका उघडली, तिच्यात सात लांबलचक वचने वाचली, आणि समोर गुरुजींनी अर्ध्या मिनिटात सात छोटी वाक्ये म्हटली, तर त्याला वाटेल की बाकीचे गाळले. ज्याला थोडे संस्कृत कळते तो पाहुणा तर पुस्तिकाच मिटून ठेवेल. आणि मामा ज्याला एक अर्थ म्हणतात, तो इथे चुकीच्या विधीचा अर्थ आहे.

दुसरा घोटाळा याहून मोठा. मसुद्यात सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीचे सात फेरे असे लिहिले आहे. हिंदी सिनेमाने हे सगळ्यांच्या डोक्यात इतके पक्के बसवले आहे की मराठी माणूसही आता तसेच बोलतो. पण मराठी पद्धतीत सात पावले आणि अग्नीच्या प्रदक्षिणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदक्षिणा लाजाहोमाबरोबर होतात आणि सप्तपदी त्यानंतर. गुजराती लग्नात मंगळफेरे चार. वऱ्हाडातल्या गुजराती आजी चार फेरे मोजणार, पुस्तिकेत सात छापलेले असणार, आणि मराठी गुरुजींच्या हिशेबात तिसराच आकडा असणार. एकाच मांडवात तीन आकडे, आणि पाहुण्याला खुलासा करणारे कोणी नाही.

हा नुसता हौसेचा वाद नाही. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. त्याच्या कलम 7 प्रमाणे लग्न दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लावता येते, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच लग्न पूर्ण आणि बंधनकारक होते. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू लग्न लागत नाही. तेव्हा कोणाच्या पद्धतीचा कोणता विधी कधी झाला, ही गोष्ट दोन्ही घरांना स्वच्छ माहीत असलेली बरी. पुस्तिका काही कायद्याचा कागद नाही. पण जिथे लग्न कायद्याने पूर्ण होते नेमक्या त्याच जागी तिने गोंधळ घालावा, हे काही बरे नव्हे.

मामा म्हणतील, इतके बारकावे पाहुण्याला कशाला? तर एका विधीपुरते करून दाखवतो. लाजाहोमच घेऊ, कारण दोन्ही घरांची गाठ खरी तिथे आहे आणि मसुद्यात त्यालाच सगळ्यात कमी जागा मिळाली आहे. मसुद्यातले वाक्य असे: लाह्या हे समृद्धीचे प्रतीक आहे. एवढेच.

समोर काय घडते ते बघा. वधूचा भाऊ, नसेल तर भावाच्या नात्याचा कोणी, तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो. वराचा हात तिच्या हाताखाली. ती त्या लाह्या अग्नीत सोडते. त्या वेळी जो मंत्र म्हटला जातो त्यात अर्यमा, वरुण आणि पूषा या देवतांची नावे येतात. मागणे असे, की त्या देवाने हिला इथून, म्हणजे माहेरातून, मोकळे करावे आणि तिथून, म्हणजे सासरहून, सुटू देऊ नये. मंत्रासह तीन आहुती. मग सुपात उरलेल्या लाह्या सुपाच्या कोपऱ्यानेच, काही न बोलता, चौथ्यांदा. आहुतींच्या मध्ये अग्नीची प्रदक्षिणा आणि वधूचा पाय दगडावर, सहाणेवर, ठेवणे. तेव्हाचे शब्दही असे की या दगडासारखी स्थिर हो आणि अंगावर येणाऱ्यांना पुरून उर. याच सुमारास तो भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्याबद्दल मानाचा पोशाख किंवा पाकीट वसूल करतो. मांडवातले अर्धे लोक फक्त याचसाठी उठून पुढे येतात.

आता व्याह्यांची बाजू. गुजरातेतले ब्राह्मण बहुतांशी शुक्ल यजुर्वेदी, त्यांची पोथी पारस्कर गृह्यसूत्राच्या वळणाची. तिथेही वधूचा भाऊ उभा राहतो. मात्र गुजराती घरांत तो लाह्यांऐवजी जव आणि तीळ बहिणीच्या हातात देतो. त्याला जवतलियो भाई म्हणतात. फेरे चार. घरातली माणसे त्या चार फेऱ्यांचा अर्थ धर्म, अर्थ, काम, मोक्ष असा सांगतात, आणि बऱ्याच घरांत शेवटच्या फेऱ्याला वधू पुढे असते. पारस्कराच्या पोथीतही तीन आहुती आणि उरलेल्याची चौथी असाच क्रम आहे. तेव्हा मराठी तीन आणि गुजराती चार हा फरक वरून दिसतो तितका खोल नाही.

आता पुस्तिकेत लिहायचे काय? मी असे लिहीन: वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीला देते, गुजराती पद्धतीत याच जागी भाऊ जव-तीळ देतो. मंत्रात माहेरातून मोकळी होऊन सासरी टिकून राहण्याचे मागणे आहे. मराठी घरात या वेळी भाऊ वराचा कान पिळतो, ती थट्टा आहे, मंत्र नव्हे. गुजराती घरात चार फेऱ्यांना धर्म, अर्थ, काम, मोक्ष अशी नावे देतात. चार वाक्ये झाली, पाहुण्याला ती फार नाहीत. पण यात काय दिसते, काय म्हटले जाते आणि घरातली माणसे त्यावर काय सांगतात हे तिन्ही वेगवेगळे ठेवले आहे, आणि प्रत्येकाचा धनी कोण ते कळते. समृद्धीचे प्रतीक हे यातले कशातच बसत नाही. मंत्रात ते नाही आणि त्या घरातही तसे कोणी म्हणत नाही.

मसुदा तपासायची माझी एक साधी रीत आहे. दोन विधींचे अर्थ एकमेकांच्या जागी टाकून बघायचे. अक्षतांच्या जागी लाह्यांचा, लाह्यांच्या जागी नारळाचा. वाचणाऱ्याला बदल जाणवला नाही, तर त्या वाक्यात काही नव्हतेच. मामांच्या मसुद्यातली निम्मी वाक्ये अशी अदलाबदल करूनही चालतात. समृद्धी, मांगल्य, पावित्र्य, सकारात्मक ऊर्जा: या चार शब्दांवर बारा पाने उभी आहेत.

सकारात्मक ऊर्जा आली म्हणजे शास्त्रीय कारणेही आलीच. मसुद्यात जोडव्यांखाली लिहिले आहे की पायाच्या दुसऱ्या बोटातली नस गर्भाशयाला जोडलेली असते. अशी नस शरीरात नाही. मंगळसूत्राचे काळे मणी आणि सोने विशिष्ट लहरी शोषतात, असेही आहे. कोणत्या लहरी, कशाने मोजल्या, ते नाही. हळद जंतुनाशक आहे म्हणून लग्नाआधी लावतात, हे त्यातल्या त्यात खरे वाटणारे वाक्य. पण हळदीतल्या एखाद्या घटकाचा प्रयोगशाळेतला गुण वेगळा आणि नवरीच्या गालाला संध्याकाळी दोन बोटे हळद लावण्याचे कारण वेगळे. हळद जंतूंसाठी लावायची असती तर ती सगळ्या वऱ्हाडाला लावली असती. आधी वराला लावून मग त्याची उष्टी हळद वधूकडे पाठवली नसती. उष्टी हळद हा तर या प्रथेचा सगळा जीव आहे, आणि शास्त्रीय अर्थाने नेमका तोच पुसला. गुजराती घरात पीठी लावतात, तिची गाणी वेगळी, लावणाऱ्या बायकांचा मान वेगळा. जंतुनाशकाच्या एका वाक्यात दोन्ही घरांचे दोन्ही गेले.

वराच्या कारखान्यातून येणारे पाहुणे रसायनांत काम करणारे. पादऱ्याच्या आसपास अशी माणसे पावलोपावली. त्यांच्या हातात असे वाक्य देऊन आपण सुशिक्षित दिसतो असे मामांना वाटते, हे मला कळत नाही. ती माणसे हसतील, नाहीतर अंग चोरून गप्प राहतील. ख्रिस्ती माणूस चर्चमधल्या लग्नात अंगठीचा धातूगुण विचारत नाही. इथेही विचारणार नाही. त्याला विचारायचे असते ते हे की आत्ता कोण कोणाला काय म्हणाले.

मंगळसूत्राबद्दल एक जादा वाक्य लिहावे असे मला वाटते, मामांना आवडले नाही तरी. आश्वलायनाच्या विवाहप्रकरणात मंगळसूत्राचा उल्लेखच नाही; ते रूढीने आलेले आहे आणि मराठी घरात आज त्याला सप्तपदीइतकाच मान आहे. दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची, असे बायका सांगतात. हे सगळे असेच लिहावे: सूत्रात नाही, रूढीत आहे, बायका असे सांगतात. यात कमीपणा काही नाही. मामा मात्र प्रत्येक गोष्टीपुढे वैदिक असा शिक्का मारतात, आणि हा शिक्का तर मराठा घराच्या पुस्तिकेत जपून वापरावा. मराठा घराण्यांना वेदोक्त मंत्र लावायचे की पुराणोक्त, यावर आपल्याकडे केवढा वाद पेटला होता! कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणाच्या आधीच बडोद्याच्या राजवाड्यात वेदोक्त विधी सुरू झाले होते. त्या घरातल्या पणजोबांच्या लग्नात कोणते मंत्र म्हटले गेले असतील याचा विचार न करता प्राचीन काळापासून चालत आलेली वैदिक परंपरा असे छापणे, म्हणजे घराचाच इतिहास विसरणे आहे. त्यापेक्षा देवक घ्या. देवक हा मराठ्यांच्या लग्नाचा खरा कणा. मसुद्यात त्याला एक ओळ नाही. कळंब असो, पंचपालवी असो, घराचे देवक काय आहे आणि एकाच देवकात लग्न होत नाही, एवढे लिहिले की पाटीदार पाहुण्याला लगेच आपल्या गोत्र-गोळाच्या गोष्टी आठवतील. आणि ते त्याला कुठल्याच सर्वसामान्य पुस्तिकेत वाचायला मिळणार नाही.

आता तिसरे धोरण, नाराजी टाळण्याचे. मसुद्यात कन्यादानाचा अर्थ असा आहे: दोन समान व्यक्तींच्या सहजीवनाचा स्वीकार. वाचायला छान आहे. पण त्या वेळी संकल्पात काय म्हटले जाते? या वराकडून या कन्येला होणाऱ्या संततीने आपल्या आधीच्या बारा आणि पुढच्या बारा पिढ्या पावन व्हाव्यात म्हणून मी हे कन्यादान करतो. मुलीचे नाव येते ते गोत्रासह, पणजोबा-आजोबा-वडील अशा तीन पुरुषांच्या नावांनंतर, आणि ती दिली जाते. बरोबर एक चांगली अटही आहे: धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला ओलांडून जाऊ नकोस, असे मुलीचा बाप सांगतो आणि वर कबूल करतो. ही अट मामांनी गाळली, हे मला सगळ्यात नवलाचे वाटले. जे लपवायचे ते लपवताना जे मिरवावे तेही गेले.

समान व्यक्तींचे सहजीवन हे त्या संकल्पात नाही. ते कोणाला हवे असेल तर पुस्तिकेत लिहून येणार नाही, विधी बदलावा लागेल. आणि विधी बदलायला आपल्याकडे कोणी अडवलेले नाही. सत्यशोधकांनी 1873 मध्ये भटाशिवाय लग्न लावून दाखवले. जोतीरावांनी वधूवरांनी एकमेकांना म्हणायच्या मराठी प्रतिज्ञा लिहिल्या. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासह तयार केल्या आहेत, आणि तिथे शिकून स्त्रिया पौरोहित्य करतात. या घराला कन्यादान नको असेल तर त्यांनी गुरुजींशी बोलून ते वगळावे किंवा वेगळी पोथी घ्यावी, आणि मग पुस्तिकेत सरळ लिहावे की या लग्नात कन्यादान केलेले नाही, त्याऐवजी अमुक म्हटले आहे. हवे असेल तर करावे आणि जे म्हटले जाते त्याचा भावार्थ छापावा. करायचे एक आणि छापायचे दुसरे, हा तिसरा मार्ग मला मान्य नाही. पाहुण्यांत वधूच्या मैत्रिणी असतील, शिकलेल्या असतील. त्यांतल्या एकीला संस्कृत येत असेल. तिच्यासमोर वधूच्या बापाची फजिती होईल ती मामांच्या त्या एका छान वाक्यामुळे.

मामांचा यावर खरा आक्षेप असा, की दुसऱ्या धर्माच्या माणसापुढे घरचे सगळे उघडे करायचे का? म्हणून त्यांनी मसुद्यात सर्वधर्मांची तुलना घातली आहे. होम म्हणजे चर्चमधल्या मेणबत्तीसारखा, अक्षता म्हणजे पवित्र जलासारख्या, मंगलाष्टके म्हणजे दुआ. मला यातले एकही ठेवायचे नाही. एक तर ज्याच्या धर्माशी तुलना केली त्याला विचारलेले नाही. दुसरे, अशा तुलनेने पाहुण्याची खरी अडचण सुटत नाही. शेजारच्या मुसलमान कुटुंबाला होम कशासारखा आहे हे जाणून घ्यायचे नसते. आपल्याला काय करावे लागेल, आणि न केले तर कोणाला राग येईल का, हे त्यांना हवे असते.

आणि इथे नेमके सांगणे हाच आदर आहे. अक्षता म्हणजे कुंकवाने माखलेले तांदूळ; मंगलाष्टके संपली की वधूवरांवर टाकायचे. तो आशीर्वाद आहे, पूजा नाही. कोणीही टाकावा, नाही टाकला तर चालते. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी सावधान म्हटले जाते आणि नवखा पाहुणा दर वेळी थोड्या-थोड्या अक्षता उडवतो, मग शेवटी मूठ रिकामी. तेव्हा अंतरपाट दूर होईपर्यंत धरून ठेवा, हेही लिहावे. दारात कपाळाला कुंकू लावतील. नको असेल तर हात जोडले तरी पुरे. तीर्थ-प्रसाद हा मात्र पूजेतला आहे. तो देवाला दाखवून मग दिला जातो, हे पाहुण्याला आधी माहीत असावे, म्हणजे घ्यायचा की नाही ते त्याचे तो ठरवील. हा फरक मामांच्या मसुद्यात नाही, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तिकेत एवढा एक परिच्छेद जरी नीट लिहिला तरी शेजाऱ्यांवर उपकार होतील. अक्षता आणि प्रसाद यांना एकाच मांगल्याच्या टोपलीत टाकले, तर भिडस्त माणूस दोन्ही टाळतो, किंवा मनाविरुद्ध दोन्ही घेतो.

जेवणाचेही तसेच. मराठी लग्नात अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नाही. गुजराती लग्नात मांडवात विधी चालू असताना लोक जेवून येतात, त्यात अनादर नसतो. दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांकडे बघून नाक मुरडतील, ते दोन ओळींनी टळते. कोणी जैन पाहुणा असेल तर त्याला कांदा-बटाटा नसलेले कुठे मिळेल आणि सूर्यास्ताआधी जेवण सुरू होईल का, हे अर्थापेक्षा अधिक उपयोगी. गुजराती रीतीत वरपक्ष दारात आला की वधूची आई पोंखायला जाते आणि नवरदेवाचे नाक पकडायला बघते. पुण्याच्या आत्याबाईंना हे आधी कळवलेले बरे, नाहीतर भांडण झाले की काय असे वाटून त्या मध्ये पडतील.

पुस्तिका आधी लिहून मग गुरुजींना दाखवायची नाही. आधी गुरुजींकडे जायचे आणि व्याह्यांच्या महाराजांकडेही. दोघांना विचारायचे की कोणती पोथी, कोणते विधी करणार, कोणते वेळेअभावी गाळणार. मुहूर्त जवळ आला, फोटोवाले मध्ये आले, की अरुंधतीदर्शन पहिले जाते. ते छापून ठेवले आणि झालेच नाही तर पाहुणा आकाशाकडे बघत बसतो. दोन पद्धतींत कोणत्या ठिकाणी एकच विधी करायचा, म्हणजे होम एकदा की दोनदा, हेही दोघांना एकत्र बसवून ठरवायचे. हे ठरल्यावर त्यांनी सांगितलेला भावार्थ लिहून घ्यायचा, घरातल्या बायकांनी सांगितलेले वेगळे लिहायचे, आणि दोन्हींपुढे नाव घालायचे: पोथीत असे आहे, आमच्या घरात असे म्हणतात, व्याह्यांच्या घरात असे म्हणतात. भाषा तीन लागतील, मराठी, गुजराती आणि इंग्रजी, पण मजकूर तीनदा वेगळा लिहू नये. मामांच्या मसुद्यात गुजराती पानावर सासूच्या पोंखण्याला अर्धे पान आणि मराठी पानावर एकही अक्षर नाही.

मामांना मी हे सगळे कळवले आहे. लाजाहोम, अक्षता आणि जेवण यांचे परिच्छेद त्यांनी घेतले, जोडव्यांची नस काढली. मंगळसूत्राच्या लहरींवर ते अजून अडून आहेत. कन्यादानाचे पान कोरे ठेवले आहे. वधू आणि तिचे वडील त्यावर बोलत आहेत, आणि त्यांचे ठरेपर्यंत छापखान्यात काही जाणार नाही.